सोसायटीच्या सभेसाठी घेतलेला व्हॉइस रेकॉर्डर: सहाएक महिन्यांनंतर, मुख्यतः व्हीओआरवरचा राग

रेकॉर्डर नेहमीचाच, दोन पेन्सिल सेलवर चालणारा आणि यूएसबीत थेट घुसणारा. स्पेसिफिकेशन सगळ्यांना ठाऊक आहेत. आज लिहायला बसलो ते टाकी सफाईच्या बिलावरून झालेल्या भांडणामुळे. ठेकेदाराचा दर जीएसटी धरून होता की वेगळा, यावर चेअरमन आणि खजिनदार दोघेही "मी असं बोललोच नाही" म्हणत होते. रेकॉर्डिंग होतं, पण दोन तासांचं. ते सगळं कोण ऐकणार?

आधी व्हीओआरबद्दल. आवाज आला की रेकॉर्डिंग सुरू, थांबला की बंद, अशी ही सोय. कागदावर छान वाटते. प्रत्यक्षात आवाज ओळखून मशीन जागं होईपर्यंत पहिला शब्द अर्धा गेलेला असतो. "नाही, मान्य नाही" मधलं पहिलं "नाही" गेलं तरी अर्थ टिकतो. "नका देऊ त्यांना" मधलं "नका" गेलं की निर्णय उलटा होतो! शिवाय शांततेचा वेळ कापला गेल्यामुळे फाइलमधला चाळिसावा मिनिट म्हणजे सभेतला चाळिसावा मिनिट नव्हे. वहीत "८.४०ला दराचा विषय" असं लिहून ठेवलेलं फुकट जातं. नवीन घेणाऱ्यांनी मेनूत जाऊन सर्वांत आधी हे बंद करावं.

बाकी सेटिंगला फार डोकं लावू नका. १२८ केबीपीएस एमपी३ पुरतं, तासाला साधारण ५८ एमबी. डब्ल्यूएव्हीचा हट्ट इथे वाया जातो, कारण बोलण्याचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर आवाज शेवटी १६ किलोहर्ट्‌झ मोनोवरच आणतं. लो कट मात्र चालू ठेवा, पंख्याची घरघर कमी होते. आणि रेकॉर्डर घडी केलेल्या नॅपकिनवर ठेवा, नाहीतर टेबलावर आपटलेला प्रत्येक हात बॉम्बसारखा ऐकू येतो.

दोन तास ऐकत बसण्यापेक्षा बोलण्याचा मजकूर करून त्यात शोधणं सोपं. त्यासाठी मिनिटामागे पैसे घेणाऱ्या सेवा आहेत. सोसायटीच्या खर्चातून तेवढेही मागायची माझी तयारी नाही. म्हणून घरच्या जुन्या लॅपटॉपवर व्हिस्पर हे बोलण्याचा मजकूर करणारं फुकटचं मॉडेल चालवतो, `whisper.cpp` या रूपात. मोठं मॉडेल साधारण ३ जीबीचं, ग्राफिक्स कार्ड नसेल तर भलतंच संथ. रात्री लावून झोपायचं.

```
ffmpeg -i sabha.mp3 -ar 16000 -ac 1 -c:a pcm_s16le sabha.wav
whisper-cli -m ggml-large-v3.bin -l mr -osrt -f sabha.wav
```

`-l mr` विसरलात तर ते भाषा इंग्रजी धरून चालतं. `-l auto` दिलं तर सुरुवातीच्या आवाजावरून अंदाज बांधतं, आणि आमच्या सभेची सुरुवात "हॅलो, हॅलो, चेक" अशी होते. तेव्हा भाषा सांगूनच टाका.

आता मत थोडं बदलावं लागतंय. व्हीओआर बंद केल्यावर चहाच्या सुट्टीची शांतता जशीच्या तशी फाइलमध्ये आली, आणि व्हिस्परला शांतता झेपत नाही. तिथे ते कोणी न बोललेली वाक्यं घालतं किंवा एकच वाक्य ओळीमागून ओळ लिहीत सुटतं. म्हणजे ज्या व्हीओआरला शिव्या दिल्या, तो निदान एवढ्यापुरता कामाचा होता. तरीही परत चालू करणार नाही. व्हिस्परला `--vad` दिलं की तेच काम ते नंतर करतं: बोलणं असलेले भागच पुढे पाठवतं, मूळ फाइलला हात लावत नाही आणि वेळही मूळ फाइलचीच देतं. त्याचं छोटं मॉडेल वेगळं उतरवून `-vm`पुढे द्यावं लागतं, एवढंच.

मजकूर तयार झाला. शोधात "जीएसटी" टाकलं, काहीच नाही! उघडून पाहिलं तर एका ठिकाणी "जी एस टी", दुसरीकडे `GST`. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच, "लिकेज" आणि "लीकेज" एकाच पानावर. त्यामुळे नेमका शब्द शोधण्यात अर्थ नाही, सगळी रूपं एकदम द्यायची:

```
grep -B1 -Ei 'gst|जी ?एस ?टी' sabha.wav.srt
grep -B1 -E 'ल(ि|ी)के?ज' sabha.wav.srt
```

`-B1` मुळे वरची वेळेची ओळही दिसते. आमचं वाक्य ४१व्या मिनिटाला सापडलं: "जी एस टी धरूनच सांगतोय." तिथे एमपी३ लावली, आवाज खजिनदारांचा निघाला. मजकुरावरून हे कळलं नसतं, कारण कोण बोललं ते व्हिस्पर लिहीत नाही. आकडेही कानांनीच तपासा. "साडेतीन" आणि "साडेतेरा" यात घोळ झाला तर मिनिट्समध्ये भलताच दर जाईल. म्हणून एमपी३ पुढच्या सभेत मिनिट्स मंजूर होईपर्यंत पुसत नाही. आणि रेकॉर्डिंग चालू आहे हे सभेच्या सुरुवातीलाच सांगतो, त्यावर कोणाची हरकत आलेली नाही.

रेकॉर्डरला पाचपैकी चार. एक व्हीओआरने खाल्ला.