वारशाने आलेली पितळी घागर: चिंच-मीठ की खडूची पूड?

जुने भांडे घरात आले की पहिला विचार ते घासण्याचा येतो. माझे मत असे आहे की आधी छायाचित्रे काढावीत आणि मगच पाण्याला हात लावावा, कारण भांड्याचे वय आणि धातू ज्या खुणांवरून ओळखता येतात, त्यांतील बऱ्याचशा खुणा चुकीच्या घासणीत जातात. आमच्या चिपळूणच्या घरातून दोन घागरी आल्या. एक माझ्याकडे नौपाड्यात आहे, तर दुसरी चुलतभावाकडे ऐरोलीत. एकाच घरातल्या आणि जवळपास सारख्याच घडणीच्या या घागरी दोन वेगळ्या पद्धतींनी स्वच्छ झाल्या, त्यामुळे पुढील तुलना मला शेजारी शेजारी ठेवून करता आली.

छायाचित्रे खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढावीत. शेजारी एक पांढरा कागद ठेवला, तर मोबाईलने रंगात केलेला फेरफार पाहणाऱ्याच्या लक्षात येतो. समोरून काढलेले देखणे छायाचित्र ओळखीच्या फारसे कामाचे नसते. बूड, काठ, मान आणि पोट जिथे जुळतात ती जागा आणि आतली बाजू ही चार चित्रे महत्त्वाची आहेत. मानेवर ठिपक्यांनी कोरलेले नाव असेल, तर उजेड एका बाजूने तिरका पडू द्यावा. सरळ उजेडात जे ठिपके दिसतच नाहीत, ते तिरक्या उजेडात वाचता येतात.

माझ्या घागरीवर अशा प्रकाशात पणजोबांचे नाव, गावाचे नाव आणि ‘शके १८५४’ अशी अक्षरे मिळाली. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हे १९३२ साल झाले. शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्यामुळे त्याचे शेवटचे महिने १९३३ मध्ये येतात, हे ध्यानात ठेवावे. मात्र नाव घातल्याचे साल हे घागर घडवल्याचे साल असतेच असे नाही. ते लग्नाच्या आंदणाच्या वेळी किंवा वाटणीच्या वेळीही घातलेले असू शकते. त्यामुळे त्या सालावरून घागर निदान तेवढी जुनी आहे इतकेच म्हणता येते.

नाव नसेल, तर सांध्याकडे पाहावे. हाताने ठोकलेल्या घागरीचे भाग वेगवेगळे घडवून झाळून जोडलेले असतात आणि जोडाच्या जागी दातेरी, किंचित फिकट पिवळी रेघ दिसते, कारण झाळकामातल्या मिश्रणाचा रंग मूळ पत्र्यापेक्षा वेगळा असतो. यंत्रावर फिरवून घडवलेल्या भांड्यावर मात्र असा दातेरी सांधा नसतो आणि आतून समान अंतराची बारीक वर्तुळे दिसतात. दातेरी सांधा हा हातकामाचा पुरावा आहे, वयाचा नव्हे, कारण तशी भांडी आजही घडतात. वयाबद्दल मला झीज अधिक विश्वासार्ह वाटते. बुडाचा कडेचा भाग आणि काठाची आतली बाजू, म्हणजे जिथे हात आणि जमीन सतत लागते, तिथे धातू गुळगुळीत झालेला असावा आणि खोबणीत काळेपणा राहिलेला असावा. मुद्दाम जुने दाखवण्यासाठी काळे केलेल्या वस्तूवर तो काळेपणा सगळीकडे सारखाच पसरलेला आढळतो.

धातूबाबत छायाचित्राची मर्यादा मान्य करायला हवी. बुडाच्या झिजलेल्या जागी पिवळा रंग दिसला तर पितळ आणि लालसर दिसला तर तांबे, इतके सांगता येते. कांसे ठिसूळ असल्यामुळे पातळ पत्र्याच्या मोठ्या घागरीला ते सहसा वापरले जात नाही, ते बहुधा वाट्या-ताटांत भेटते. लोहचुंबक चिकटला, तर आत लोखंड आणि वर पितळी मुलामा आहे असे समजावे. तांबे आणि जस्त यांचे नेमके प्रमाण, किंवा शिशाचा अंश, कोणत्याही छायाचित्रावरून कळत नाही.

आता घासणीकडे येतो. चिंच-मिठाचा मोठा गुण म्हणजे वेग. काळवंडलेले पितळ काही मिनिटांत उजळते आणि सामान घरातच असते. भावाने हीच पद्धत निवडली आणि त्यात गैर काही नव्हते. परंतु उजळलेल्या घागरीला जागोजागी गुलाबी छटा आली. चिंचेतले आम्ल काळेपणा तर काढतेच, पण अधिक वेळ राहिले तर पृष्ठभागावरचे जस्तही काढून घेते आणि वर तांबे उरते. माझ्या निवडीचा निर्णय या एकाच त्रासाने केला. ती छटा डोळ्यांना खटकते हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की त्या घागरीचे छायाचित्र पाहून घरातील दोन जाणत्या माणसांनी तिला तांब्याची ठरवले, आणि बुडाखालची न घासलेली जागा दाखवल्यावरच शंका मिटली. शिवाय सांध्यात राहिलेले मीठ दमट हवेत हिरवे डाग उठवते. खाडीकाठच्या आपल्या शहरांत, विशेषतः पावसाळ्यात, याचा अनुभव लवकर येतो.

माझी पद्धत संथ आहे. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढली, कोमट पाण्यात साबणाचे थोडे थेंब घालून सांधे आणि ठिपके दात घासण्याच्या मऊ ब्रशने धुतले, आणि जिथे तेलकट मळ चिकटला होता तिथे स्पिरिटचा बोळा फिरवला. त्यानंतर वस्त्रगाळ केलेली खडूची पूड पाण्यात कालवून सुती फडक्याने हलक्या हाताने, एकाच दिशेने चोळली. रांगोळी वापरू नये, तिच्या कणांनी ओरखडे उठतात, आणि तारेची घासणी तर पूर्ण वर्ज्य समजावी. शेवटी ठिपक्यांत बसलेली पांढरी पूड ब्रशने धुऊन भांडे लगेच पुसून कोरडे केले. चकाकी मंद येते आणि खोबणीतला काळेपणा तसाच राहतो, पण त्याच काळेपणामुळे नाव वाचता येते. हिरवी भुकटी ब्रशने काढूनही काही दिवसांत पुन्हा त्याच जागी उगवली, तर घरगुती घासणी थांबवून धातूच्या जुन्या वस्तूंचे जतन जाणणाऱ्या व्यक्तीला दाखवावे.

दुकानातल्या यंत्रावरची पॉलिश हा तिसरा मार्ग आहे. आरशासारखी चमक हवी असेल आणि भांडे नवे, नावाविना असेल, तर तो सोयीचा ठरेल. कोरीव नाव असलेल्या भांड्याला मी तो सुचवणार नाही, कारण फिरते चाक धातूच झिजवते, कडा बोथट करते आणि ठिपके उथळ करते.

चिंचेचा मार्ग मी सर्वस्वी नाकारत नाही. रोजच्या पूजेतली पितळी समई किंवा तांब्याचे ताम्हण, ज्यांवर जपण्यासारख्या खुणा नाहीत, त्यांना तो चालतो. पितळेवर वापरायचाच असेल, तर चिंच दोन मिनिटांपेक्षा अधिक ठेवू नये, भरपूर पाण्याने धुवावे, आणि गुलाबी छटा आलीच तर ती खडूच्या पुडीने हळूहळू चोळून काढावी. भावाच्या घागरीची छटा आम्ही अशीच बरीचशी उतरवली. मानेजवळच्या खोबणीत ती अजून थोडी दिसते.