रॉयल्टीचा रिमाइंडर: एका ओळीचा, कलमांचा की हिशोबासकट?

चहा-नाश्त्याच्या फ्रँचायझीत आउटलेटवाल्याला दर महिन्याला रॉयल्टीची आठवण करावीच लागते, आणि त्यासाठी साधारण तीन तऱ्हेचे मेसेज जातात. कुठला पाठवायचा हे ठरवायचं असेल तर तिन्ही एकाच हिशोबावर लावून बघा.

हिशोब असा धरू. नाशिकचं आउटलेट, जून २०२५. काउंटरची विक्री ५ टक्के जीएसटी धरून ४,२०,०००, जीएसटी काढला की ४,००,०००. ऑनलाइन ऑर्डरी मेनूच्या भावाने जीएसटीशिवाय १,२०,०००, त्यात आउटलेटने स्वतःच्या खिशातून दिलेला डिस्काउंट २०,०००, उरले १,००,०००, मग ॲपने कमिशन कापलं २५,००० आणि बँकेत आले ७५,०००. करारात रॉयल्टी ५ टक्के, नेट सेलवर, आणि नेट सेल म्हणजे जीएसटी आणि डिस्काउंट वजा करून, पण कमिशन वजा न करता.

पहिला मेसेज एका ओळीचा: "दादा, जूनची रॉयल्टी पेंडिंग आहे, सेलच्या ५ टक्के लवकर टाका." लिहायला सोपा आणि वाचलाही जातो, पण सेल म्हणजे कुठला आकडा हे समोरच्याने ठरवायचं असं होतं. तो काउंटरचे ४,००,००० आणि ॲपकडून बँकेत आलेले ७५,००० बघतो, ४,७५,००० धरतो आणि २३,७५० पाठवून मोकळा होतो. आपला अकाउंटंट ५,००,००० वर २५,००० मागतो, आणि कोणी बिलिंग रिपोर्टमधला काउंटरच्या जीएसटीसकट आणि डिस्काउंटच्या आधीचा ५,४०,००० धरला तर २७,००० होतात. यात खोटं कोणीच बोलत नाहीये, तरी फोनवर आवाज चढतात, आणि मला हे खरंच वाईट वाटतं कारण माणूस पैसे द्यायला तयार असतो. "लवकर" म्हणजे कधी हा वाद वेगळाच.

दुसरा म्हणजे मोठा ईमेल, करारातली कलमं, उशिराचं व्याज, नेट सेलची अख्खी व्याख्या. चूक त्यात काही नसते, पण बऱ्याचदा भरायचा आकडाच नसतो! सकाळच्या गर्दीत काउंटरवर उभा असलेला मालक तो उघडतो आणि सीएला फॉरवर्ड करतो, सीए २० तारखेच्या जीएसटी रिटर्नच्या गडबडीत, त्यामुळे उत्तर येईपर्यंत रॉयल्टी भरायची १० तारीख उलटून गेलेली असते.

तिसरा, मी हाच निवडेन:

"नमस्कार दादा, १ ते ३० जून २०२५ ची रॉयल्टी. काउंटर ४,००,००० (जीएसटी काढून) अधिक ऑनलाइन १,००,००० (डिस्काउंट काढून, ॲपचं कमिशन न काढता), एकूण ५,००,०००. त्याचे ५ टक्के २५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ४,५००, एकूण २९,५००. गुरुवार १० जुलै २०२५ संध्याकाळी ६ पर्यंत आमच्या खात्यात जमा व्हावेत. आकड्यात फरक वाटला तर ७ तारखेपर्यंत तुमचा रिपोर्ट पाठवा."

यात "कमिशन न काढता" हे शब्द सगळ्यात कामाचे आहेत, कारण निम्मी भांडणं तिथेच अडकतात. खात्यात जमा असंही स्पष्ट लिहायचं, नाहीतर तो १० ला रात्री चेक लिहितो आणि म्हणतो वेळेत दिला. जीएसटीची ओळ वेगळी ठेवायची, कारण एक ५ टक्के गिऱ्हाइकाकडून घेतलेला, दुसरा १८ टक्के रॉयल्टीवर लागणारा, आणि दोन्ही एकाच वाक्यात आले की मालक रॉयल्टीचे ५ टक्के आणि जीएसटीचे ५ टक्के यातच गोंधळतो.

टीडीएसचं मात्र आउटलेट कोणाच्या नावावर आहे ते बघून लिहा. कंपनी किंवा भागीदारी फर्म असेल आणि वर्षाची रॉयल्टी ५०,००० च्या वर जात असेल तर ती २५,००० वर १० टक्के कापते, म्हणजे खात्यात २७,००० येतील, आणि तेवढे आले तर ते कमी नाहीत. एकट्या मालकाचा धंदा असेल आणि मागच्या वर्षी उलाढाल १ कोटीच्या आत असेल तर त्याला सहसा कापायचं नसतं. तिसऱ्या मेसेजमध्ये ही एक ओळ लागेल तशी जोडता येते, पहिल्यात तिला जागाच नाही.

रक्कम कमी आली तर आधी उलटा हिशोब करा. जीएसटी बाजूला काढून, टीडीएस कापला असेल तर तो परत मिळवून, आलेली रॉयल्टी भागिले ०.०५. २३,७५० भागिले ०.०५ म्हणजे ४,७५,०००, बरोबर २५,००० कमी, म्हणजे त्याने कमिशन वजा केलंय हे फोन करायच्या आधीच कळतं आणि बोलणं त्या एका मुद्द्यावर राहतं.

तिसऱ्याची अडचण एकच, आकडे १ ते ४ तारखेच्या आत हातात हवेत. बिलिंग सॉफ्टवेअरचा रिपोर्ट आणि ॲपचं स्टेटमेंट दोन्ही मिळत नसतील तर अंदाजाने भरू नका, आधी फक्त रिपोर्ट मागणारा मेसेज पाठवा. आणि दुसरा, कलमांचा ईमेल, तो १० तारीख उलटल्यावर किंवा मालक कमिशनच्या मुद्द्यावर अडून बसला की पाठवायचा, तेव्हा व्याख्येचं कलम जसंच्या तसं हवं आणि खाली हाच पाच लाखांचा हिशोब.