डीआय: आधी पाय चार्टचा सेट घ्यावा की लाइन ग्राफचा?

बँकेच्या परीक्षेत डीआयचे दोन सेट समोर आले आणि वेळ एकाचाच उरला, तर कुठला धरायचा? मी दोन्ही भरपूर सोडवलेत. हल्ली माझा हात आधी पाय चार्टकडे जातो.

पाय चार्टमध्ये फसगत होते ती दोन वर्षांची दोन वर्तुळं शेजारी असली की. समजा, 2021 मध्ये एकूण खर्च 8000 आणि त्यात वाहतूक 25 टक्के. 2022 मध्ये एकूण 10000 आणि वाहतूक 22 टक्के. पाकळी बारीक झाली म्हणून खर्च घटला असं वाटतं. प्रत्यक्षात तो 2000 वरून 2200 झाला, म्हणजे 10 टक्के वाढ. पण इथे एकूण आकडा चार्टच्या डोक्यावर छापलेला असतो. तो वाचायची सवय लागली की प्रश्न सुटतो. वाटे अंशांत दिले असले तरी टक्के काढत बसू नका. जुन्या-नव्या अंशांचं गुणोत्तर घ्या आणि त्याला एकूण आकड्यांच्या गुणोत्तराने गुणा.

लाइन ग्राफ दिसायला सोपा, चढ-उतार लगेच कळतात. मला नडला तो त्याचा उभा अक्ष. एका सराव परीक्षेत अक्ष 160 पासून सुरू होत होता आणि पुढच्या रेषा 200, 240, 280 अशा होत्या. 2020 चा बिंदू बरोबर 200 वर, 2021 चा 240 आणि 280 च्या मधोमध. त्याआधी कितीतरी दिवस मी 50-50 च्या अंतराचे ग्राफ सोडवत होतो, त्यामुळे ‘मधोमध म्हणजे 25’ हे हातात बसलेलं. मी 265 धरले आणि वाढ काढली 32.5 टक्के. पर्यायांत 32.5 होतंच! खरा आकडा 260, वाढ 30 टक्के. त्याच बिंदूवर आणखी दोन प्रश्न होते. तिन्ही चुकले, वर प्रत्येकी पाव गुण गेला. पडद्यावर पट्टी लावून बघायचीही सोय नाही.

तेव्हापासून लाइन ग्राफ दिसला की प्रश्न वाचण्याआधी अक्षावरच्या शेजारच्या दोन आकड्यांची वजाबाकी करतो आणि सगळ्या बिंदूंच्या किमती रफ कागदावर एका ओळीत मांडतो. उंचीवर तर मुळीच जात नाही. वरच्याच ग्राफमध्ये 200 चा बिंदू तळापासून एक घर वर होता आणि 260 चा अडीच घरं. नुसतं पाहिलं तर अडीचपट वाटावं.

बिंदूंवर आकडे छापलेले असतील तर मात्र लाइन ग्राफच आधी घ्या, त्यात गुणाकार कमी करावे लागतात. तुमची नजर माझ्यापेक्षा पक्की असेल तर आकडे नसलेलाही जमेल कदाचित. मी तो शेवटी ठेवतो.