लग्न उरकल्यावर पोचलेल्या पत्रिका: फोन करावा की घरी जावं?

ताईचं लग्न 12 डिसेंबरला पुण्यात लागलं आणि 15 तारखेला कुडाळहून मावशीआजीचा फोन आला. "पत्रिका आज मिळाली गो. वर पोस्टमननं दहा रुपये घेतले."

आजीनं 32 पत्रिका हातानं लिहिल्या होत्या. जाड कागद, कोपऱ्यांना हळद-कुंकू, आत अक्षतांची पुडी. उरलेलं एक पाकीट किचनच्या काट्यावर ठेवलं तर भरलं 27 ग्रॅम. पाच रुपयांचं तिकीट चालतं 20 ग्रॅमपर्यंत. म्हणजे पाच रुपये कमी पडले, आणि बैरंग पत्रावर त्याच्या दुप्पट वसूल होतात. त्यात कोकणातल्या अकरा पत्त्यांवर 'जि. रत्नागिरी', पिनकोड नाहीच. सिंधुदुर्ग 1981 साली वेगळा झाला, आजीच्या वहीत मात्र अजून झालेला नाही.

बाबांचं म्हणणं, सगळ्यांना फोन करून मोकळं व्हावं. आई म्हणाली, सत्यनारायण घालू आणि सगळ्यांना जेवायला बोलवू.

फोनला खर्च नाही, दोन संध्याकाळींत काम होतं. ज्यांच्याशी एरवीही फोनवरच बोलणं असतं, त्यांना तो पुरला. पत्रिका उशिरा आल्याचं त्यांनी हसण्यावारी नेलं. पण फोन आजीनं स्वतः करायला हवा होता. बाबांनी पहिल्या नऊ जणांना "पोस्टानं घोळ घातला" असं सांगितलं आणि समोरून थंड "असू दे हो" आलं. लग्नाला ही माणसं आली असती असंही नाही. पण बोलावणं वेळेत येणं हा त्यांचा मान होता, आणि आम्ही सबब सांगत होतो.

पूजेचं जेवण पुण्यातल्यांसाठी उत्तम. कोकणातली सत्तरीपुढची माणसं मात्र लग्नासाठी रात्रभर एसटीत बसतील, प्रसादासाठी नाही. शिवाय ज्यांना लग्नाला बोलावणं पोचलं नाही त्यांना पूजेला बोलावलं की काहींना ती बोळवण वाटते. (हे मत माझं. आईला पटलेलं नाही.)

तुमच्याकडे असं झालं तर माझा कौल असा: जवळ राहणाऱ्यांना जेवण, वयस्कर आणि मानाच्या नातेवाइकांकडे जोडप्याला घेऊन जाणं, उरलेल्यांना फोन. नवी जोडी कुलदैवताला जातेच. आमचं कुलदैवत वेंगुर्ल्याकडे, म्हणून त्याच फेरीत अकरा घरं जोडली. दोन दिवस लागले, लाडवांचे अकरा पुडे लागले. एका दिवसात सहाच्या वर घरं धरू नका; प्रत्येक ठिकाणी चहा होतो आणि अल्बम मागतात.

आजी हट्टानं बरोबर आली. सबब एकही सांगितली नाही. "पत्ता जुना लिहिला, चूक माझी," एवढंच म्हणायची आणि वही पुढे करून नवा पत्ता पिनकोडसकट लिहून घ्यायची.

मावशीआजीच्या हातात तिनं दहाची नोट ठेवली. मावशीआजीनं ती मुकाट्यानं घेतली, कमरेच्या पिशवीतून एक रुपया काढून वर ठेवला आणि अकरा रुपये ताईला आहेर केला.