कॉर्ड काढायला लिब्रोसा की कॉर्डिनो? Am चा C होतो तिथे बघा

गणपती जवळ आले की आमच्या रत्नागिरी-मालवण पट्ट्यात ज्याच्याकडे कीबोर्ड आहे त्याच्या मोबाईलवर गाणी येऊन पडतात, उद्या प्रॅक्टिस आहे कॉर्ड काढून ठेव म्हणून, आणि मग हे काम कॉम्प्युटरकडून करून घ्यावं असं वाटतंच. मी दोन्ही रस्ते वापरलेत. एक, पायथनमध्ये लिब्रोसाने क्रोमा काढायचा आणि मेजर-मायनरच्या टेम्प्लेटशी स्वतः जुळवायचा. दुसरा, सॉनिक व्हिज्युअलायझरमध्ये कॉर्डिनो प्लगइन लावायचं. दोन्ही फुकट आहेत, आणि क्रोमा म्हणजे सगळ्या सप्तकांतले सारखे स्वर एकत्र करून बारा खणांत मोजलेला जोर, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

लिब्रोसात सगळं उघडं दिसतं आणि हवं ते बदलता येतं, शिकायचं असेल तर तेच घ्या. पण मला एका गोष्टीने छळलं, Am वाजत असताना C येणं. दोघांत C आणि E सारखेच, फरक फक्त A की G एवढाच, म्हणजे सगळा निकाल त्या दोन खणांवर.

आता बघा, बेसवर A आहे, 110 हर्ट्झ. साधा chroma_stft घेतला तर 22050 च्या सॅम्पलरेटला 2048 ची खिडकी असते, म्हणजे एकेक पट्टी साधारण 10.8 हर्ट्झची, आणि A आणि वरचा A# यांच्यात अंतरच मुळी साडेसहा हर्ट्झचं. त्यामुळे बेसचा A शेजारच्या खणांत सांडतो. वर C वाजतोय, त्याच्या तिप्पट कंपनांवर जो उपस्वर येतो तो G, म्हणजे कोणी G न वाजवताही G चा खण थोडा भरतो. त्यात गायकाने नेमका G धरला की झालंच, A दुबळा आणि G जोरात, टेम्प्लेट म्हणतं C. ओळखायचं कसं, तर एकाच मात्रेत Am, C, Am असं लुकलुकत असेल आणि बेस मात्र हललेला नसेल तर हाच प्रकार. डाव्या हाताने A धरून गाण्याबरोबर वाजवून बघा, लगेच कळतं.

बेसचा भाग chroma_cqt ने बराच सुटतो, कारण त्यात पट्ट्या सेमीटोनच्या हिशोबानेच असतात आणि खालच्या स्वरांना लांब खिडकी मिळते:

```python
y, sr = librosa.load("gaane.wav")
yh = librosa.effects.harmonic(y)
C = librosa.feature.chroma_cqt(y=yh, sr=sr)
```

मधल्या ओळीने तबला, झांज यांचा ठोका बराचसा बाजूला होतो, ती सोडू नका. पण उपस्वरांचा G तसाच राहतो, आणि लुकलुक घालवायला पुढे स्मूदिंग आपल्यालाच लिहावं लागतं.

कॉर्डिनो इथे पुढे जातं असं माझं मत. मॅथियस माउख यांनी लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीत केलेलं काम हे. ते प्रत्येक स्वर त्याच्या उपस्वरांसकट एक नमुना धरतं, आणि कुठले स्वर किती जोरात वाजले तर हा स्पेक्ट्रम तयार होईल असं उलटं सोडवतं, त्यात कुठल्याही स्वराला उणे किंमत चालत नाही. त्यामुळे C चा उपस्वर बराचसा C च्याच खात्यात जातो, G च्या नाही. शिवाय बेसचा क्रोमा वेगळा ठेवतं, आणि कॉर्ड उगाच बदलू नये याचा हिशोबही आतच आहे. गायकाचा G खरा असेल तर कधी Am7 लिहितं, ते तर चालण्यासारखंच आहे. माझ्या गाण्यांवर तरी Am हा Am राहायला लागला, तुमच्या रेकॉर्डिंगवर थोडं वेगळं दिसू शकेल.

डबलबारी भजनाच्या मोबाईल रेकॉर्डिंगवर मात्र दोघांवरही डोळे झाकून विसंबू नका. झांजांनी बाराही खण भरतात, आणि पेटी 440 च्या पट्टीला नसते. ट्युनिंगचा अंदाज दोन्ही घेतात, पण सूर दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये असेल तर अख्खं गाणं अर्ध्या सुराने सरकतं. ते सगळीकडे सारखंच सरकत असल्यामुळे ट्रान्सपोझ करून भागतं. जास्त फसवतो तो पेटीवर सतत धरलेला सा-प. सा च्या पाचपट कंपनांवर जो उपस्वर येतो तो शुद्ध गंधार आणि पेटीत उपस्वर भरपूर, म्हणून चालीत गंधार कोमल असला तरी मेजर लिहिलेलं सापडतं. अशा भजनात कॉर्डिनोने दिलेला प्रत्येक सा चा मेजर गायकाच्या गंधाराशी कानाने ताडून घ्या, आणि गंधार ऐकूच येत नसेल तर नुसता सा-प वाजवा.