प्रश्नावली मराठीत आणताना: बॅक ट्रान्सलेशन की समिती?

इंग्रजी प्रश्नावली हाताशी आहे, ती मराठीत आणायची आहे आणि वेळ-पैसा मोजकाच आहे. अशा वेळी बहुतेक संशोधकांसमोर दोन वाटा असतात.

पहिली वाट बॅक ट्रान्सलेशनची. एक जण विधानांचा मराठी अनुवाद करतो. मूळ प्रश्नावली न पाहिलेला दुसरा माणूस तो मराठी मजकूर परत इंग्रजीत नेतो. मग दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून फरक शोधायचे. रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० सालच्या लेखानंतर ही पद्धत इतकी रुळली की आज अनेक प्रबंधांत अनुवादाबद्दल तेवढं एकच वाक्य असतं.

दुसरी वाट समितीची. दोन अनुवादक स्वतंत्रपणे मराठी मसुदे करतात, मग विषयाचा जाणकार आणि ते दोघे एकत्र बसून एकेक विधान तासतात. एकमत झालं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा हे आधीच ठरलेलं असतं. त्यानंतर मसुदा लोकांवर तपासायचा आणि प्रत्येक निर्णयाची नोंद ठेवायची. जेनेट हार्कनेस यांनी मांडलेल्या या पद्धतीला ‘ट्रॅप्ड’ म्हणतात, आणि युरोपियन सोशल सर्व्हेमध्ये तीच वापरतात.

माझा कौल दुसऱ्या वाटेला आहे. का, ते एका विधानावरून दाखवतो.

रोझेनबर्ग यांची १९६५ सालची आत्मसन्मान मापनी घ्या. विधानं १०, प्रत्येकाला ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे चार पर्याय. विधानाला ० ते ३ गुण, म्हणजे एकूण ३०. निम्मी विधानं उलट गुणांची आहेत, त्यांना सहमती दिली की गुण कमी होतात. नेहमीच्या क्रमातलं आठवं विधान असंच उलट गुणांचं आहे: ‘I wish I could have more respect for myself.’ त्याचा सरळ अनुवाद असा होतो: ‘मला स्वतःबद्दल अधिक आदर वाटावा अशी माझी इच्छा आहे.’

हे वाक्य परत इंग्रजीत नेलं तर मूळ वाक्याशी जवळपास तंतोतंत जुळतं. बॅक ट्रान्सलेशनच्या तक्त्यात त्यापुढे ‘ठीक’ अशी खूण पडते. पण मूळ वाक्यात एक खंत आहे: आत्ता तेवढा आदर वाटत नाही, वाटता तर बरं झालं असतं. मराठी वाक्यात ती खंत उरत नाही, उरते नुसती इच्छा. आणि स्वतःबद्दलचा आदर वाढावा या इच्छेला नाही कोण म्हणेल? समजा एखाद्याला बाकीच्या नऊ विधानांवर २७ पैकी २५ गुण आहेत. तो इथे बिनदिक्कत ‘पूर्ण सहमत’ला खूण करतो आणि शून्य गुण घेतो. तुमच्या लेखी ती कमीपणाची कबुली, त्याच्या लेखी चांगला संकल्प.

ही अडचण फक्त मराठीपुरती नाही. श्मिट आणि आलिक यांनी २००५ मध्ये ५३ राष्ट्रांतली माहिती तपासली, तेव्हा हेच विधान अनेक ठिकाणी बाकीच्या विधानांशी नीट जुळत नव्हतं.

आता समितीत काय होतं पाहा. दुसऱ्या अनुवादकाचा मसुदा बहुधा वेगळा असतो, उदाहरणार्थ: ‘स्वतःबद्दल आत्ता वाटतो त्यापेक्षा जास्त आदर वाटला असता तर बरं झालं असतं.’ दोन वाक्यं समोरासमोर आली की खंत कुठे गेली हा प्रश्न आपोआप निघतो. गंमत अशी की हे दुसरं वाक्य बॅक ट्रान्सलेशनला पाठवलं तर ते लांबलेलं, ‘आत्ता’ हा जादा शब्द घेऊन परत येतं. तपासणारा म्हणतो, मूळापासून ढळलंय, जवळ आणा. म्हणजे चांगला अनुवाद मागे फिरवून सपाट अनुवाद पुढे सरकवायचं काम ही पद्धत करू शकते. त्यात उलट अनुवाद करणारा हुशार असेल तर आणखी पंचाईत, कारण अडखळणारं मराठी वाक्यही तो मनात दुरुस्त करून सुबक इंग्रजीत उतरवतो आणि दोष झाकला जातो.

पण समितीही टेबलाभोवतीच बसलेली असते, आणि तिथली माणसं शिकलेली, दोन्ही भाषा येणारी. त्यामुळे खरा निकाल मुलाखतीत लागतो. ज्या लोकांसाठी प्रश्नावली आहे त्यांच्यातल्या आठ-दहा जणांना एकेकटं बसवायचं, विधान वाचू द्यायचं, उत्तर घ्यायचं आणि मग विचारायचं: हे तुमच्या शब्दांत सांगा, हाच पर्याय का निवडला? ‘सहमत. माणसानं स्वतःचा मान वाढवायलाच हवा की,’ असं उत्तर आलं तर विधान फसलं आहे. वाक्य बदलायचं आणि नव्या लोकांसोबत दुसरी फेरी घ्यायची. ‘कळलं का?’ एवढंच विचारून भागत नाही. त्याला सगळे हो म्हणतात.

हाच दोष आकड्यांतही दिसतो. त्या विधानाचा बाकीच्या नऊंच्या बेरजेशी असलेला सहसंबंध शून्याच्या आसपास किंवा चक्क उणे येतो. (आधी उलट गुण द्यायला विसरलो नाही ना, हे पाहून घ्यावं, कारण उणे सहसंबंधाचं ते सर्वांत साधं कारण असतं.) मात्र हे कळेपर्यंत बरेच फॉर्म भरून झालेले असतात, आणि विधान का फसलं हे आकडा सांगत नाही.

मग बॅक ट्रान्सलेशन कधी करावं? मूळ प्रश्नावलीच्या हक्कधारकाला मराठी येत नसेल तेव्हा त्याला डोकावायला दुसरी खिडकी नाही. काही हक्कधारकांची ती अटच असते, म्हणून परवानगीचा पत्रव्यवहार अनुवादाच्या आधी उरकावा. ढोबळ चुका पकडायलाही ते चांगलं: गळलेला नकार, ‘गेल्या दोन आठवड्यांत’चं ‘गेल्या दोन महिन्यांत’ होणं, दोन पर्यायांची अदलाबदल. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत तज्ज्ञगट, बॅक ट्रान्सलेशन आणि मुलाखती तिन्ही आहेत. पैसा असेल तर तिन्ही करावं. नसेल तर कात्री बॅक ट्रान्सलेशनला लावावी, मुलाखतींना नाही.

कधी कधी दोन्ही वाटा तोकड्या पडतात, कारण मूळ कल्पनाच त्या समाजात तशी बोलली जात नाही. झिम्बाब्वेमध्ये शोना भाषक आपला मानसिक त्रास ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे अतिविचार या शब्दात सांगतात. तिथे विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या बोलण्यातूनच शोना लक्षण प्रश्नावली घडवली. ही तिसरी वाट लांबची आहे, आणि तिच्यात इतर देशांच्या गुणांशी थेट तुलना सोडावी लागते. तुमचा प्रश्न तुलनेचा नसून तुमच्याच लोकांतले त्रासलेले ओळखण्याचा असेल, तर तिचा विचार जरूर करावा.

राहिलं आठवं विधान. दोन फेऱ्यांनंतरही ते फसतच असेल तर गुपचूप वगळू नका. आधीच्या अभ्यासांत १० विधानांची बेरीज आहे, तुमची नऊंची झाली तर तुलना तुटते. विधान प्रश्नावलीत ठेवा, १० आणि ९ विधानांच्या दोन्ही बेरजा द्या, आणि मुलाखतीत लोक काय म्हणाले ते दोन-तीन वाक्यांत लिहा. पुढचा संशोधक कोणती बेरीज घ्यायची ते त्यावरून ठरवेल.