साइट, स्टॅबिलायझर, क्लिकर: आधी काय बसवावं?

धनुष्यावर बसवायच्या या तिन्ही वस्तू एकदम घेऊन बसवल्या, तर सुधारणा कशामुळे झाली आणि बिघाड कशामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. आमचा क्रम ठरलेला आहे: आधी साइट, मग स्टॅबिलायझरचा लांब रॉड आणि सगळ्यात शेवटी क्लिकर.

साइट म्हणजे नेम धरायची खूण; तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ती बाण एकत्र आणत नाही. एकत्र पडणारे बाण मध्यावर नेते. बाण डावीकडे लागले तर साइट डावीकडे, खाली लागले तर खाली. एका बाणावरून मात्र हलवू नका, सहा बाण कुठे पडतात ते बघा.

स्टॅबिलायझर म्हणजे धनुष्याला पुढे लावलेला, टोकाला वजन असलेला रॉड. तो बाण सुटताना धनुष्य मुठीत पिळू देत नाही. वजन मुठीपासून तिप्पट लांब नेलं की पिळाला होणारा विरोध नऊपट होतो, म्हणून टोकाला थोडंच वजन पुरतं. जास्त लावलं तर सहातले शेवटचे दोन बाण खाली जायला लागतात, कारण धनुष्य धरणारा खांदा थकतो. बाजूंना लावायच्या साइड रॉडची घाई नको.

खरा घोळ क्लिकरचा. ही रायझरवरची, म्हणजे धनुष्याच्या मुठीच्या मधल्या भागावरची, पातळ पोलादी पट्टी. बाण तिच्याखालून ओढायचा; टोक निसटलं की ती रायझरवर आपटते, ‘टक्’ होतं आणि त्याच क्षणी दोरी सोडायची. त्यामुळे प्रत्येक बाण तेवढाच ओढला जातो. पूर्ण ताणाजवळ एक इंच कमीजास्त झालं तर साधारण दोन पौंडांचा फरक पडतो.

समजा, तीस मीटरवर बाण आडवे वीतभरात आणि उभे दोन वितींत पडतायत. क्लिकर घेण्याआधी एक चाचणी करा. कुणाला तरी बाजूला उभं करून, दहा बाणांत पूर्ण ताणाला टोक रायझरच्या कडेपासून कुठे येतं ते बघायला सांगा. फरक सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर दोष अँकरचा, म्हणजे पूर्ण ताणाला दोरीचा हात चेहऱ्याला टेकतो त्या जागेचा, किंवा खांद्याचा आहे, आणि क्लिकर तो फक्त लपवेल. अर्ध्या सेंटिमीटरच्या आत असेल तर क्लिकर घ्या. तरीही बाण उभे पसरत असतील तर धनुष्याचा हात खाली येतोय का, तेही तपासा.

अँकर लागल्यावर टोक दोन-तीन मिलिमीटर पट्टीखाली उरेल अशी क्लिकरची जागा ठरवा. उरलेलं अंतर पाठीच्या ताणाने पार व्हायला हवं. बाण लांब असेल आणि पट्टी टोकापर्यंत पोचत नसेल तर रायझरवर क्लिकरची जोडपट्टी लागते.

बिघाड ओळखू येतो. डोळा टार्गेट सोडून बाणाच्या टोकाकडे वळतो किंवा ‘टक्’ होण्याआधीच बोटं उघडतात. मग पाच मीटरवर, टार्गेटचा कागद न लावता, डोळे मिटून ओढा. आवाज झाला तरी काही वेळा मुद्दाम दोरी सोडू नका, हळूच परत आणा. संध्याकाळी दमल्यावर टोक निसटत नाही म्हणून क्लिकर पुढे सरकवायचा मोह होतो. सरकवू नका, धनुष्य खाली ठेवा.